निवृत्तीचा निधी एक्सेलमध्ये: कोटींचा आकडा आणि आजचे रुपये

निवृत्तीला किती पैसे जमतील हे सांगणारी कॅल्क्युलेटरं मोबाइलवर ढिगाने मिळतात. तीन आकडे टाकायचे की खाली कोटींचा आकडा झळकतो. तो कसा आला हे मात्र दिसत नाही. मधल्या एखाद्या वर्षी बाजार पडला तर काय, पगाराबरोबर बचत वाढवली तर काय, आणि वीस वर्षांनी त्या कोटींत घर चालेल का, हेही तिथे विचारता येत नाही. स्वतःची शीट बनवली तर हे सगळं विचारता येतं, आणि त्याला दीड-दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

उदाहरणासाठी एक माणूस घेऊ. वय ३८, राहायला वारज्यात, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात. ५८ व्या वर्षी थांबायचं म्हणतोय. पीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून आजवर ५ लाख साठलेत. यापुढे महिन्याला २०,००० बाजूला पडतात: १२,००० ची एसआयपी आणि साधारण ८,००० पीएफ.

पीएफचा आकडा इथेच नीट तपासून घ्या, कारण बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. याचा बेसिक ३८,५००. त्याचे १२ टक्के म्हणजे ४,६२० रुपये पगारातून कापले जातात आणि कंपनी तेवढेच भरते. म्हणून लोक सरळ ९,२४० धरतात. पण कंपनीच्या वाट्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि ते पीएफच्या शिलकीत कधीच दिसत नाहीत. खात्यात पडतात ते ७,९९०. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो, तो सोडून उरलेले दोन रकाने जुळवा.

आधी गृहीतकांचा कोपरा

कोरी शीट उघडा. A रकान्यात नावं आणि B मध्ये आकडे, असे लिहा:

| सेल | काय | किती |
|---|---|---|
| B2 | आजचं वय | 38 |
| B3 | निवृत्तीचं वय | 58 |
| B4 | उरलेली वर्षं | `=B3-B2` |
| B5 | आजवरची जमा | 500000 |
| B6 | दरमहा बचत | 20000 |
| B7 | बचतीतली वार्षिक वाढ | 5% |
| B8 | अपेक्षित परतावा | 10% |
| B9 | महागाई | 6% |

टक्केवारी टाकताना टक्क्याचं चिन्हही टाका. नुसते 10 टाकले तर काही वेळा एक्सेल त्याचा अर्थ एक हजार टक्के असा घेतो आणि शेवटी निधी इतका प्रचंड येतो की चूक लगेच कळते. महागाईच्या सेलमध्ये तीच चूक झाली तर मात्र उत्तर जवळजवळ शून्य येतं आणि माणूस सूत्रातच दोष शोधत बसतो.

हाताने भरायच्या सेलना पिवळा रंग द्या. सूत्राच्या सेल पांढऱ्याच राहू द्या. सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे रंगावरूनच कळेल.

१० टक्के कुठून आणले? एसआयपीवर ११ टक्के धरले, हा अंदाज आहे. पीएफवर ८.२५ टक्के, जो २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांचा जाहीर दर आहे. १२,००० आणि ८,००० या वाट्यांनी सरासरी काढली तर ९.९ येते, म्हणून १०. सगळे पैसे शेअर बाजारात नसताना सरसकट १२ टक्के धरणं म्हणजे स्वतःचीच समजूत काढणं. महागाईचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ टक्के आहे आणि त्यात दोन टक्के इकडे-तिकडे चालतात. मी वरचं टोक धरलंय, कारण शाळेची फी आणि दवाखान्याची बिलं ४ टक्क्यांनी वाढताना मी तरी पाहिलेली नाहीत.

एका ओळीचं सूत्र का पुरत नाही

एक्सेलमध्ये `FV` नावाचं तयार सूत्र आहे. दर, हप्त्यांची संख्या आणि हप्ता दिला की ते शेवटची रक्कम सांगतं. पण वीस वर्षं हप्ता एकच राहील असं ते धरून चालतं. पगारदार माणसाची बचत दरवर्षी थोडी वाढते, पीएफ तर पगाराबरोबर आपोआप वाढतो. म्हणून `FV` एकेका वर्षापुरतं वापरायचं आणि प्रत्येक वर्षाची अखेर पुढच्या वर्षाची सुरुवात करायची. बँकेच्या पासबुकात मागच्या पानाची शिल्लक पुढे ओढतात, तसंच.

D1 पासून I1 पर्यंत शीर्षकं द्या: वर्ष, सुरुवातीची शिल्लक, दरमहा, परतावा, वर्षअखेर, आजच्या रुपयांत. मग दुसऱ्या ओळीत:

```
D2:  1
E2:  =B5
F2:  =B6
G2:  =IF(D2="","",$B$8)
H2:  =IF(D2="","",FV((1+G2)^(1/12)-1,12,-F2,-E2,1))
I2:  =IF(D2="","",H2/(1+$B$9)^D2)
```

तिसऱ्या ओळीत पहिले तीन रकाने बदलतात:

```
D3:  =IF(D2="","",IF(D2<$B$4,D2+1,""))
E3:  =IF(D3="","",H2)
F3:  =IF(D3="","",F2*(1+$B$7))
```

G2 ते I2 कॉपी करून तिसऱ्या ओळीत चिकटवा. मग D3 ते I3 निवडा आणि उजव्या कोपऱ्यातला चौकोन धरून ४१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. चाळीस वर्षांची जागा झाली. `IF` मुळे B4 मध्ये जितकी वर्षं असतील तितक्याच ओळी भरतात, बाकीच्या कोऱ्या राहतात. निवृत्तीचं वय बदललं तरी तक्त्याला हात लावावा लागत नाही.

डॉलरची चिन्हं विसरू नका. `$B$8` ऐवजी `B8` राहिलं तर खाली ओढताना ते B9 होतं, मग B10. म्हणजे दुसऱ्या वर्षी परतावा म्हणून महागाईचा आकडा बसतो आणि तिसऱ्या वर्षापासून रिकामी सेल. G रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी हे दिसतं. तिथे सगळीकडे १० टक्केच असायला हवेत.

H2 चं सूत्र जरा उलगडून पाहू, कारण सगळं त्यावर उभं आहे. F2 आणि E2 च्या मागे उणे आहे, कारण `FV` च्या हिशोबात खिशातून गेलेला पैसा उणे आणि हातात येणारा अधिक. उणे टाकलं नाही तर उत्तरच उणे येतं. एकालाच टाकलं तर जास्त वाईट: आजवरची जमा आणि नवे हप्ते एकमेकांतून वजा होतात आणि उत्तर अगदी खरं वाटावं असं येतं. शेवटचा 1 सांगतो की हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जातो. एसआयपी पाच तारखेला कापली जात असेल तर हे बरोबर आहे. महिनाअखेरीस पैसे टाकत असाल तर तिथे 0 लिहा. फरक थोडा पडतो.

थोडा नाही तो फरक मासिक दराचा. बरेच जण `G2/12` लिहितात, कारण गृहकर्जाचा ईएमआय तसाच काढतात आणि हात तिथेच वळलेला असतो. पण फंडाचा परतावा वार्षिक चक्रवाढीने सांगितलेला असतो आणि पीएफचं व्याजही वर्षातून एकदाच जमा होतं. दोन्ही ठिकाणी १० टक्के म्हणजे वर्षाअखेर शंभराचे एकशे दहा. बाराने भागून दर महिन्याला चक्रवाढ केली तर शंभराचे ११०.४७ होतात. पाव-अर्ध्या टक्क्याचा हा फरक आपल्या उदाहरणात वीस वर्षांनी सुमारे साडेतेरा लाखांवर जातो. म्हणून `(1+G2)^(1/12)-1`. बारा महिने वाढवलं की बरोबर १० टक्के होणारा दर हाच.

आता पहिल्या दोन ओळी ताडून घ्या. पहिल्या वर्षाची अखेर ८,०२,८११ यायला हवी. दुसऱ्या वर्षी दरमहा २१,००० आणि अखेर ११,४८,५४३. इथे जुळलं तर पुढचंही जुळेल.

आकडे 8,02,811 असे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी दिसत नसतील तर सेल निवडून Ctrl+1 दाबा, Custom वर जा आणि हे चिकटवा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

उत्तर, आणि ते तपासणं

```
B12:  =INDEX(H2:H41,B4)
B13:  =INDEX(I2:I41,B4)
B14:  =FV((1+B8)^(1/12)-1,B4*12,-B6,-B5,1)
```

B12 म्हणजे निवृत्तीच्या दिवशीचा निधी: जवळपास २ कोटी ४० लाख. B14 फक्त तपासणीसाठी आहे. B7 मध्ये क्षणभर 0% टाका. बचत वाढलीच नाही तर तक्ता आणि एका ओळीचं सूत्र यांचं उत्तर एकच यायला हवं, आणि दोन्हीकडे सुमारे १ कोटी ७८ लाख ४३ हजार येतात. रुपयाचाही फरक असेल तर तक्त्यातली एखादी ओळ बिघडलेली आहे. तपासून झालं की B7 परत 5% करा.

B13 मध्ये तेच २ कोटी ४० लाख आजच्या किमतीत दिसतात: ७४ लाख ७२ हजार. इथे बहुतेकांचा चेहरा उतरतो. पण आज डेक्कनवर किंवा मंडईत जी खरेदी होते तिच्या मापाने तो निधी एवढाच आहे. कोटींचा आकडा खोटा नाही, फक्त तो वीस वर्षांनंतरच्या रुपयांत आहे.

एकरकमी ७५ लाख म्हणजे महिन्याला किती, हे मनाने सांगता येत नाही. म्हणून आणखी तीन सेल:

```
B16:  85
B17:  7%
B18:  =PMT((1+B17)/(1+B9)-1,B16-B3,-B13,0,1)/12
```

B16 म्हणजे कितव्या वर्षापर्यंत पैसे पुरवायचे. B17 निवृत्तीनंतरचा परतावा, जो कमी धरायचा, कारण तेव्हा बराचसा पैसा मुदत ठेवी आणि तत्सम ठिकाणी असतो. B18 सांगतं की ५८ ते ८५ महागाईप्रमाणे दरवर्षी वाढवत पैसे काढले तर आजच्या मापाने महिन्याला किती मिळतील. सूत्रात ७ टक्क्यांमधून ६ सरळ वजा केलेले नाहीत, भागाकार केलाय. वर्षभराचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला काढून बाराने भागले आहेत, एवढी ढोबळ गोष्ट त्यात आहे.

उत्तर सुमारे २६,०००. आमच्या उदाहरणातल्या माणसाचं घर आज ४०,००० मध्ये चालतं, मुलांची फी आणि घराचा हप्ता सोडून. म्हणजे २ कोटी ४० लाख जमवूनही महिन्याला १४,००० कमी पडतात. शीट बनवायची ती खरं तर या सेलसाठी.

गृहीतकं हलवून बघा

सर्वात आधी परतावा हलवा. K3 ते K7 मध्ये 8%, 9%, 10%, 11%, 12% लिहा. L2 मध्ये `=B12` आणि M2 मध्ये `=B13`. मग K2 ते M7 निवडा, Data मधून What-If Analysis आणि त्यातून Data Table. Column input cell मध्ये B8 द्या, वरची चौकट रिकामी सोडा. ८ टक्क्यांना निधी १ कोटी ९१ लाख येतो, १२ टक्क्यांना ३ कोटी ३ लाख. आजच्या रुपयांत तेच साडेएकोणसाठ लाख ते साडेचौऱ्याण्णव लाख. दोन टक्के इकडे-तिकडे झाले की एवढं होतं. म्हणून मी कुणाला एकच आकडा सांगत नाही, हा पट्टा दाखवतो.

पाचही ओळींत एकच उत्तर येत असेल तर घाबरू नका. Formulas मधल्या Calculation Options मध्ये Automatic निवडा. ज्या शीटवर B8 आहे त्याच शीटवर हा तक्ता असावा लागतो, दुसऱ्या शीटवरून तो चालत नाही. गूगल शीट्सवाल्यांना बाकीचं बहुतेक जमेल, पण Data Table आणि पुढे येणारं Goal Seek तिथे तयार मिळत नाही. त्यांनी इथे B8 आणि पुढे B6 हाताने बदलून उत्तरं लिहून घ्यावीत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. परतावा B8 मध्ये असताना G रकाना वेगळा का ठेवला? कारण बाजार दरवर्षी शिस्तीत १० टक्के देत नाही. शीटची एक प्रत करा आणि त्या प्रतीत पहिल्या वर्षाच्या G2 मध्ये -20% टाका. निधी २ कोटी २८ लाखांवर येतो, म्हणजे साडेअकरा लाखांचा फटका. आता G2 पूर्ववत करा आणि तीच -20% विसाव्या वर्षाच्या G21 मध्ये टाका. निधी १ कोटी ७५ लाख. फटका साडेचौसष्ट लाखांचा.

पडझड एकच, परिणाम साडेपाचपट. एकरकमी गुंतवणुकीत पडझड कधी झाली याने शेवटची रक्कम बदलत नाही, पण दरमहा भरणाऱ्याचे बहुतेक पैसे शेवटच्या वर्षांत साठलेले असतात. म्हणून निवृत्तीच्या आधीच्या चार-पाच वर्षांत G रकान्यात १० टक्के ठेवू नका. तेव्हा शेअरमधला हिस्सा कमी करायचा असेल, आणि करायलाच हवा, तर तिथे ८ किंवा साडेसात टक्के लिहा. हे प्रतीतच करा. हाताने आकडा टाकला की त्या ओळीचं सूत्र पुसलं जातं आणि मग B8 बदललं तरी ती ओळ जागची हलत नाही.

तुटवडा कसा भरायचा

उलटा प्रश्न विचारायला Goal Seek आहे, त्याच What-If Analysis मध्ये. Set cell मध्ये B18, To value मध्ये 40000, By changing cell मध्ये B6. एक्सेल थोडं पुढेमागे करून सांगतं: दरमहा सुमारे ३२,५५०. आजपासून साडेबारा हजार जास्त. हे झालं की Cancel दाबा, नाहीतर B6 मधला तुमचा मूळ आकडा गेला.

साडेबारा हजार एकदम निघणार नसतील तर दोन वाटा आहेत. B3 मध्ये 60 टाकलं की महिन्याचे २६,००० चे ३१,४०० होतात, कारण दोन वर्षं जास्त भरता येतं आणि दोन वर्षं कमी खायचं असतं. किंवा ५८ च ठेवून B7 मध्ये 10% टाका. महिन्याला ३७,००० च्या वर मिळतात, म्हणजे प्रश्न जवळजवळ सुटलाच. पण ओके करण्याआधी F रकान्याच्या तळाशी जा. विसाव्या वर्षी दरमहा १,२२,००० भरायचे आहेत असं तिथे लिहिलेलं दिसेल. पाच टक्क्यांनी ते ५०,५०० च होते. वीस वर्षं पगार सलग १० टक्क्यांनी वाढणार असेल तर खुशाल धरा. मी धरणार नाही. माझ्या मते ६० वर्षं आणि ७ टक्के वाढ अशी मधली जोडी आधी लावून बघावी.

या शीटमध्ये कर नाही, हे लक्षात असू द्या. पीएफचा प्रश्न बहुतेकांना येत नाही, पण शेअर फंड विकताना वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर सध्या साडेबारा टक्के कर लागतो. वीस वर्षांचा नियम आज सूत्रात बसवण्यात अर्थ नाही. परतावा अर्धा टक्का कमी धरला की पुरे. फंडाचा खर्च मात्र वेगळा वजा करू नका, तो एनएव्हीमधून आधीच गेलेला असतो.

दर एप्रिलमध्ये शीटची नवी प्रत करा. B2 मध्ये नवं वय, B5 मध्ये खरी शिल्लक, B6 मध्ये चालू हप्ता. मागच्या शीटच्या H2 मध्ये ८,०२,८११ होते आणि खात्यांत साडेसात लाखच असतील तर आधी हप्ते मोजा. बाराच्या बारा गेले असतील तर बाजाराने कमी दिलं, नसतील तर तो दोष बाजाराचा नाही.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी नव्या शीटच्या B13 मध्ये ७४.७ ऐवजी ७९.२ लाख दिसतील. हा फायदा नाही. B12 तेवढंच आहे, फक्त 'आज' एक वर्ष पुढे सरकलाय. B18 ही तसंच २६,००० वरून साडेसत्तावीस हजारांवर जाईल, आणि त्याची तुलना ४०,००० शी नाही, तर त्या वर्षीच्या घरखर्चाशी करायची.